सर्व्हरलेस फंक्शनचा स्थिर बहिर्गामी पत्ता

सर्व्हरलेस फंक्शन म्हणजे स्वतःचा सर्व्हर न सांभाळता क्लाउड पुरवठादाराच्या यंत्रणेवर मागणीपुरते चालणारे छोटे प्रोग्रॅम. ते बाहेरच्या एखाद्या सेवेला हाक देतात, तेव्हा पलीकडच्या सर्व्हरला ज्या आयपी पत्त्यावरून विनंती आलेली दिसते, त्याला बहिर्गामी पत्ता म्हणतात. अ‍ॅमेझॉनच्या लॅम्डा या सेवेत मूळ मांडणीनुसार फंक्शन अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या नेटवर्कमधून इंटरनेटवर जाते. त्यामुळे त्याचा पत्ता ग्राहकाच्या मालकीचा नसतो, त्याच पत्त्यावरून इतर ग्राहकांची वाहतूकही जाऊ शकते आणि तो पूर्वसूचनेविना बदलतो. उलट बँका, पेमेंट सेवा आणि विमा कंपन्या अनेकदा परवानगी यादी ठेवतात. व्यवहारात ‘व्हाइटलिस्ट’ म्हणतात ती हीच. यादीत नोंदवलेल्या पत्त्यांखेरीज कोणाचीही विनंती त्या स्वीकारत नाहीत. या दोन व्यवस्था मुळातच एकमेकींशी विसंगत आहेत.

या विसंगतीतून होणारा बिघाड ओळखणे अवघड जाते, कारण तो सतत दिसत नाही. चाचणीच्या दिवशी मिळालेला पत्ता भागीदाराला कळवला, तर काही काळ सारे सुरळीत चालते आणि नंतर कोडमध्ये काहीही न बदलता विनंत्या अडू लागतात. भागीदाराचा वेब सर्व्हर नकार देत असेल, तर 403 हा संकेतांक मिळतो. अडवणूक फायरवॉलपाशीच होत असेल, तर बहुधा उत्तरच येत नाही आणि लॅम्डाच्या नोंदीत `Task timed out after 3.00 seconds` असा संदेश दिसतो. हे 3 सेकंद म्हणजे लॅम्डाची मूळ कालमर्यादा होय. ती वाढवून येथे काहीच साधत नाही. फंक्शनमधूनच `https://checkip.amazonaws.com` ला विनंती पाठवून परत आलेला पत्ता प्रत्येक वेळी नोंदवणे, हे निदानाचे खात्रीचे साधन आहे.

अ‍ॅमेझॉनवरील रूढ उपाय नॅट गेटवेचा आहे. नॅट गेटवे आतील यंत्रांची वाहतूक स्वतःच्या सार्वजनिक पत्त्याने बाहेर पाठवतो. त्याला जोडलेला इलॅस्टिक आयपी हा राखीव पत्ता ग्राहक स्वतः सोडून देईपर्यंत त्याच्याकडेच राहतो. त्यासाठी फंक्शन ग्राहकाच्या खाजगी आभासी नेटवर्कला, म्हणजे व्हीपीसीला, जोडावे लागते. नॅट गेटवे सार्वजनिक सबनेटमध्ये, म्हणजे इंटरनेट गेटवेकडे थेट मार्ग असलेल्या उपविभागात, ठेवला जातो. फंक्शन मात्र खाजगी सबनेटमध्ये ठेवून त्या सबनेटच्या राउट टेबलमध्ये `0.0.0.0/0` ही दिशा नॅट गेटवेकडे वळवली जाते. येथे सर्रास होणारी चूक म्हणजे फंक्शनच सार्वजनिक सबनेटला जोडणे. लॅम्डाच्या नेटवर्क जोडणीला सार्वजनिक पत्ता मिळत नाही, म्हणून तसे करताच फंक्शनचा इंटरनेटवर जाण्याचा नेहमीचा मार्ग पूर्णपणे बंद होतो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. उपलब्धता टिकावी म्हणून फंक्शन दोन उपलब्धता क्षेत्रांतील सबनेटना जोडले आहे आणि प्रत्येक क्षेत्रात वेगळा नॅट गेटवे आहे, असे समजावे. त्यांचे पत्ते `203.0.113.10` आणि `203.0.113.20`. भागीदाराला पहिलाच पत्ता कळवला असेल, तर पहिल्या क्षेत्रात चाललेल्या विनंत्या पोहोचतात, दुसऱ्या क्षेत्रातल्या अडतात आणि पुन्हा प्रयत्न केल्यावर कधीकधी जातातही. त्यामुळे दोष भागीदाराच्या अस्थिर सर्व्हरचा असल्याचा समज होतो. अपयशी विनंत्यांच्या नोंदीत दरवेळी एकच बहिर्गामी पत्ता आढळला, तर कारण निश्चित होते. दोन्ही पत्ते यादीत घालणे हाच योग्य उपाय होय. दोन्ही सबनेट एकाच गेटवेकडे वळवल्यास पत्ता एकच राहतो, परंतु त्या गेटवेचे क्षेत्र बंद पडल्यावर सर्वच वाहतूक थांबते.

नॅट गेटवेचा भार खर्चात दिसतो: उत्तर व्हर्जिनिया क्षेत्रात त्याचा दर ताशी 0.045 डॉलर, म्हणजे 30 दिवसांना सुमारे 32 डॉलर असून प्रत्येक गिगाबाइटला तितकेच 0.045 डॉलर वेगळे पडतात, शिवाय सार्वजनिक पत्त्याचे भाडे असते. वाहतूक थोडी असल्यास स्थिर पत्त्याच्या लहान आभासी यंत्रावर प्रॉक्सी चालवणे स्वस्त पडते, मात्र त्याची देखभाल अंगावर येते. गूगलच्या क्लाउड रनमध्ये हेच काम क्लाउड नॅट करते, पण बहिर्गामी वाहतुकीची निवड `all-traffic` नसल्यास इंटरनेटकडील विनंत्या त्याला वळसा घालून जातात.

अ‍ॅमेझॉनने जाहीर केलेल्या `ip-ranges.json` मधील संपूर्ण पट्टे भागीदाराने यादीत घालावेत, ही सूचना स्वीकारू नये, कारण मग अ‍ॅमेझॉनच्या इतर ग्राहकांनाही तेच दार उघडे होते. त्याच कारणाने, वापरात नसलेला इलॅस्टिक आयपी परत करण्यापूर्वी तो भागीदाराच्या यादीतून काढून घेतला पाहिजे; परत गेलेला पत्ता पुढे दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो.