नाडीची गती आणि दोन औषधांची कथा

लंडनच्या वैद्यमंडळापुढे १७६८ साली विल्यम हेबरडन या वैद्याने एका दुखण्याचे वर्णन वाचून दाखविले. माणूस चालत असता, विशेषतः चढण चढताना किंवा जेवणानंतर, त्याची छाती एकाएकी आवळल्यासारखी होते. तो उभा राहिला की थोड्याच वेळात सारे शांत होते. हेबरडनने या दुखण्याला जे नाव दिले, तेच आजही ॲन्जायना म्हणून चालत आले आहे. आपण त्याला हृच्छूल म्हणतो. हा त्रास हृदयाचा आहे हे मात्र तेव्हा हेबरडनला ठाऊक नव्हते.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या म्हणजे श्रमाच्या वेळी मागणी वाढते आणि पुरवठा अपुरा पडतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हृदय आकुंचन पावते तेव्हा त्याच्या स्वतःच्या रोहिण्या दाबल्या जातात. त्यामुळे त्याला आपला रक्ताचा वाटा बहुतांशी दोन आकुंचनांमधल्या विसाव्यात मिळतो. मिनिटाला ८० ठोके पडत असतील तर एका ठोक्याला पाऊण सेकंद मिळतो. त्यातला सुमारे ०.३ सेकंद आकुंचनात जातो आणि विसाव्याला जेमतेम ०.४५ सेकंद उरतो. नाडी ६० वर आली की हाच विसावा ०.७ सेकंद होतो. गती मंद केली म्हणजे मागणी घटते आणि पुरवठा वाढतो, असा हा दुहेरी लाभ आहे.

जेम्स ब्लॅक यांनी शोधलेले प्रोप्रॅनोलॉल १९६४ साली प्रसिद्धीस आले, आणि बीटा-ब्लॉकर या औषधांनी हा लाभ रोग्यांच्या पदरात टाकला. पण ही औषधे हृदयाच्या गतीबरोबर त्याचा जोरही कमी करतात, रक्तदाब उतरवितात, आणि दमेकऱ्याची श्वासनलिका आवळू शकतात. केवळ गती मंद करील आणि बाकी कशाला हात लावणार नाही, असे औषध मिळेल काय, हा प्रश्न तेथून पुढे आला.

त्याचे उत्तर हृदयाच्या एका कोपऱ्यात होते. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागातला तो लहानसा पेशीपुंज दाखवून दिला होता, जेथून प्रत्येक ठोक्याची ठिणगी निघते. ठिणगी आपोआप कशी पडते, याचा एक मोठा धागा १९७९ साली ऑक्सफर्डला हाती लागला. हिलरी ब्राउन, दारिओ दिफ्रांचेस्को आणि डेनिस नोबल हे सशाच्या हृदयातील त्या पेशींत ॲड्रिनॅलिनने गती कशी वाढते हे तपासत होते. त्यांना एक विद्युत्प्रवाह सापडला. इतर पुष्कळ प्रवाह पेशी उद्दीपित झाली की सुरू होतात. हा मात्र ती विश्रांतीकडे झुकली की सुरू होई. या उलट्या वागणुकीमुळे शास्त्रज्ञांनी त्याचे नाव ‘फनी’, म्हणजे विचित्र, असेच ठेवले. हा प्रवाह पेशीला हळूहळू पुढच्या ठिणगीपर्यंत नेतो. तो मंदावला की पुढचा ठोका उशिरा पडतो.

सर्व्हिये या फ्रेंच कंपनीचे आयव्हाब्रॅडीन नेमका हाच प्रवाह रोखते. हृदयाचा जोर आणि रक्तदाब यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. अशाच जातीचा प्रवाह डोळ्याच्या पडद्यातही असल्यामुळे काही रोग्यांना उजेड एकाएकी बदलला की क्षणभर लख्ख चमक दिसते; ती बहुधा निरुपद्रवी असते. युरोपात २००५ साली या औषधाला हृच्छुळासाठी मान्यता मिळाली.

मग आशा वाढली. ज्यांची नाडी जलद त्यांचे आयुष्य कमी, असे निरीक्षण पुष्कळांनी केले होते. तेव्हा नाडी मंद केली की आयुष्य वाढेल, असे वाटणे स्वाभाविक होते. या समजुतीची कसोटी तीनदा लागली. २००८ साली, रोहिण्यांचा विकार असून हृदय दुबळे झालेल्या सुमारे ११,००० रोग्यांत मुख्य लाभ दिसला नाही. २०१० साली हृदय-दुर्बलतेच्या सुमारे ६,५०० रोग्यांत, ज्यांची नाडी ७० च्या वर होती, चित्र पालटले: हृदयविकाराने मृत्यू अथवा दुर्बलता बळावून रुग्णालयात दाखल होणे, हे १०० पैकी २९ जणांत घडत होते ते २४ जणांवर आले. लाभ मुख्यतः रुग्णालयाच्या फेऱ्या टळण्यात होता. २०१४ साली हृदय दुबळे नसलेल्या, पण रोहिण्या अरुंद झालेल्या १९,००० हून अधिक रोग्यांत हेच औषध मोठ्या मात्रेने दिले गेले. एकंदरीत लाभ झाला नाही. ज्यांना हृच्छुळाने चालणेफिरणे कठीण केले होते त्यांच्यात हृदयविकाराचा मृत्यू किंवा झटका १०० पैकी सुमारे साडेसहाऐवजी साडेसात जणांना आला.

एकच औषध एकाला तारते आणि दुसऱ्याला किंचित अपाय करते, याचा उलगडा असा मानला जातो. दुबळ्या हृदयात जलद गती ही स्वतःच थकव्याची एक भर असते. ती उतरविली की भार हलका होतो. केवळ रोहिण्या अरुंद असलेल्या माणसात जलद नाडी ही बहुधा रोगाची खूण असते, कारण नव्हे. आणि खूण पुसली म्हणून रोग जात नाही.

यानंतर युरोपच्या औषध-नियामकांनी हृच्छुळासाठी कडक अटी घातल्या: विसाव्यातील नाडी ७० किंवा अधिक असेल तरच सुरू करावे, व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेमबरोबर देऊ नये, दिवसातून दोनदा ७.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये, आणि ३ महिन्यांत आराम न पडल्यास बंद करावे. नाडी अनियमित झाली, म्हणजे ठिणगी त्या पेशीपुंजाऐवजी कर्णिकेत विखरून पडू लागली, तर हे औषध निरुपयोगी ठरते. शिवाय ते त्या अनियमिततेची शक्यता वाढविते. म्हणून धडधड वाटल्यास डॉक्टरांकडे जाऊन आलेख काढावा.

दुसरे औषध, रॅनोलॅझीन, गतीला हातच लावीत नाही. स्नायूला रक्त कमी पडले की पेशीत सोडियमचा एक क्षीण प्रवाह उशिरापर्यंत चालू राहतो. सोडियम साचला की कॅल्शियम साचते, आणि स्नायू नीट सैल पडत नाही. ताठ राहिलेला स्नायू आपल्याच सूक्ष्म रोहिण्यांना दाबून ठेवतो. रॅनोलॅझीन हा उशिराचा प्रवाह कमी करते. अमेरिकेत त्यास २००६ साली मान्यता मिळाली. हृदयाच्या आलेखातील एक अंतर, ज्यास क्यूटी म्हणतात, ते यामुळे लांबते; तसेच यकृत बिघडलेल्या रोग्यास ते वर्ज्य समजावे. हेही आराम देते, आयुष्य वाढवीत नाही.

दोन कल्पित रोगी समोर ठेवू. पहिल्याचे हृदय दुबळे असून ते प्रत्येक आकुंचनात आतील रक्तापैकी १०० तील ३० भागच पुढे लोटते. बिसोप्रोलॉल सोसेल तेवढे देऊन व इतर आवश्यक औषधे चालू असून त्याची नाडी पाच मिनिटे स्वस्थ बसल्यावर ८२, पण नियमित आहे. येथे ५ मिलिग्रॅम आयव्हाब्रॅडीन दिवसातून दोनदा जोडावे. नाडी ५० ते ६० च्या आसपास आणावी, आणि ५० च्या खाली गेली किंवा चक्कर येऊ लागली तर मात्रा घटवावी. दुसऱ्याचे हृदय सबळ आहे, नाडी ५६, रक्तदाब १००. तरी दुसरा मजला चढताना छाती आवळते. याची नाडी आणखी उतरविणे धोक्याचे आहे. रक्तदाबालाही उतरण्यास जागा नाही. येथे रॅनोलॅझीनचा विचार होतो, पण त्याआधी आलेख पाहावा आणि इतर औषधांशी त्याची गाठ पडत नाही हे तपासावे.

पहिल्याच्या औषधाची परीक्षा रुग्णालयाच्या टळलेल्या फेऱ्यांत होईल. दुसऱ्याची, तो जिना न थांबता चढतो की नाही, यात.