फोरबॉल, फोरसम आणि स्क्रॅम्बल

फोरबॉल, फोरसम आणि स्क्रॅम्बल हे गोल्फमधील जोडीने किंवा संघाने खेळण्याचे प्रकार आहेत. पहिल्या दोन प्रकारांसाठी गोल्फच्या नियमावलीत स्वतंत्र नियम आहेत (फोरसमसाठी नियम २२, फोरबॉलसाठी नियम २३) आणि रायडर चषकात पहिल्या दोन दिवशी हेच प्रकार खेळले जातात. स्क्रॅम्बल मात्र मुख्यतः क्लबांच्या, कंपन्यांच्या व निधीसंकलनाच्या स्पर्धांत आढळतो आणि त्याचे तपशील आयोजक ठरवतात. अमेरिकेत बोलण्याच्या ओघात 'फोरसम' हा शब्द एकत्र खेळणाऱ्या चौघांच्या गटालाही वापरला जातो, त्यामुळे आमंत्रणपत्रिका वाचताना गैरसमज होण्याचा संभव असतो.

== फोरबॉल ==
यात प्रत्येक खेळाडू स्वतःचा चेंडू शेवटपर्यंत खेळतो आणि जोडीतील ज्याची संख्या कमी, ती त्या होलवर जोडीची संख्या धरली जाते. साथीदाराचा निकाल चांगला लागणार हे उघड असेल, तर दुसऱ्याने चेंडू उचलून घेतला तरी चालते.

हौशी स्पर्धेत खरी गुंतागुंत हँडिकॅपची असते. उदाहरणादाखल अ, ब, क आणि ड या चार खेळाडूंचे कोर्स हँडिकॅप अनुक्रमे ८, १४, २० आणि ३० आहेत असे मानू. जागतिक हँडिकॅप पद्धतीत फोरबॉल स्ट्रोक-प्लेसाठी कोर्स हँडिकॅपच्या ८५ टक्के सवलत सुचवलेली आहे. त्यानुसार पूर्णांकात अ ला ७, ब ला १२, क ला १७ आणि ड ला २६ फटके मिळतात. अ आणि क जोडीने खेळत आहेत आणि पुढे पार ४ चा, काठिण्यक्रम १० चा होल आहे. दोघांनीही ५ फटके घेतले. अ ला या होलवर सवलत नाही, कारण त्याचे ७ फटके सर्वांत कठीण ७ होलांवर संपतात. क ला मात्र एक फटका मिळतो, म्हणून त्याची निव्वळ संख्या ४ आणि तीच जोडीची संख्या.

गुणपत्रिकेवर ती कोणाची संख्या आहे हे स्पष्ट लिहावे लागते. फक्त '५' अशी नोंद केली तर सवलत कोणाची धरायची ते समितीला ठरवता येत नाही. हौशी स्पर्धांतील वादांचे हे एक मोठे कारण आहे.

== फोरसम ==
जोडीचा एकच चेंडू असतो आणि दोघे आळीपाळीने फटके मारतात. याशिवाय टीवरील पहिला फटकाही होलागणिक आलटून पालटून मारायचा असतो. म्हणजे एकाने १, ३, ५ या होलांवर सुरुवात केली तर दुसऱ्याने २, ४, ६ वर. म्हणून पहिल्या टीवर कोण जाणार, हे पार ३ चे होल कोणाच्या वाट्याला येतात ते पाहून ठरवले जाते.

दंडाचा फटका आळी बदलत नाही. अ चा टीवरील चेंडू हद्दीबाहेर गेल्यास पुन्हा टीवरून मारायची पाळी क ची, आणि तो जोडीचा तिसरा फटका ठरतो. चुकीच्या आळीने खेळल्यास स्ट्रोक-प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड होतो. चूक पुढील होल सुरू होण्यापूर्वी दुरुस्त केली नाही, तर जोडी बाद होते. मॅच-प्लेमध्ये तो होल गमवावा लागतो.

हँडिकॅप दोघांच्या बेरजेच्या निम्मा असतो. अ आणि क यांचा १४, तर ब आणि ड यांचा २२ येतो. मॅच-प्लेमध्ये फरकाचे ८ फटके ब-ड जोडीला सर्वांत कठीण ८ होलांवर मिळतात.

== स्क्रॅम्बल ==
सर्व जण टीवरून मारतात, सर्वांत उपयुक्त चेंडू निवडला जातो आणि पुढचा फटका सगळे त्याच जागेवरून मारतात. चेंडू होलमध्ये जाईपर्यंत असेच चालते व संघाची एकच संख्या लिहिली जाते. निवडलेल्या जागेपासून चेंडू किती अंतरात ठेवायचा (बहुधा एका क्लबची लांबी, होलच्या जवळ नाही) आणि खडबडीत गवतातून फेअरवेवर आणता येईल की नाही, हे स्पर्धेच्या अटींत आधीच लिहिलेले असावे. सहसा आणता येत नाही.

चौघांच्या संघासाठी सुचवलेली सवलत कमी हँडिकॅपपासून चढत्या क्रमाने २५, २०, १५ व १० टक्के आहे. वरील चौघांसाठी ती २, २.८, ३ आणि ३, म्हणजे एकूण १०.८ होते व ११ धरली जाते. संघाने ६१ फटके घेतल्यास निव्वळ संख्या ५०. चौघांचे हँडिकॅप नुसते सरासरीने काढले असते तर १८ फटके मिळाले असते आणि निव्वळ संख्या ४३ दिसली असती. चार प्रयत्नांतून एक निवडता येत असल्याने एवढी सवलत अवाजवी ठरते.

एकाच निष्णात खेळाडूच्या जोरावर संघ जिंकू नये म्हणून आयोजक प्रत्येकाचे किमान ३ किंवा ४ टी-फटके वापरण्याची अट घालतात. ती मोजायची तर प्रत्येक होलवर कोणाचा टी-फटका घेतला याची खूण गुणपत्रिकेवर करावी लागते. शेवटच्या दोन होलांवर एखाद्याचे फटके शिल्लक राहिले, तर संघाला चांगला चेंडू सोडून त्याचा वाईट चेंडू घ्यावा लागतो. या प्रकारातील संख्या वैयक्तिक हँडिकॅपसाठी ग्राह्य धरली जात नाही.