स्नायू नसलेल्यांचं क्रिएटिनिन

मी पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टचं सॉफ्टवेअर लिहितो. रक्तातलं क्रिएटिनिन, वय आणि लिंग दिलं की 'ईजीएफआर' नावाचा आकडा छापून येतो. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते, याचा तो अंदाज असतो. या सूत्रात वजन नाही आणि स्नायूही नाहीत. गंमत म्हणजे क्रिएटिनिन तयार होतं ते स्नायूंतच.

1886 साली मॅक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं, की अल्कलीत पिक्रिक अ‍ॅसिड आणि क्रिएटिनिन एकत्र आले की लालसर केशरी रंग येतो. ही तपासणी इतकी स्वस्त आणि सोपी, की तिची वंशावळ आजही अनेक लॅबमध्ये चालू आहे. स्नायू रोज ठरावीक क्रिएटिनिन रक्तात सोडतात आणि किडनी ते बाहेर टाकते. किडनी मंदावली की ते साचतं. पण आजीचे स्नायूच वितळले असतील तर? साचायला मुळात मालच कमी, त्यामुळे किडनी निम्मी झाली तरी रिपोर्ट छान दिसतो. जिमवाल्या पोराचं नेमकं उलटं होतं. किडनी ठणठणीत असूनही आकडा घाबरवतो.

यावरचा उतारा सापडला तो भलतीकडेच. 1961 साली क्लाउसेन यांना मेंदू-मज्जारज्जूच्या द्रवात, तर बटलर आणि फ्लिन यांना किडनीच्या नलिका बिघडलेल्या रुग्णांच्या लघवीत एक छोटं प्रोटीन दिसलं. पुढे त्याला 'गॅमा-ट्रेस' म्हणू लागले. त्याचं काम काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण लघवीतल्या त्या शोधातच उत्तर दडलं होतं. हे प्रोटीन इतकं लहान, की किडनीच्या गाळणीतून सहज पार होतं. पुढे निरोगी नलिका ते शोषून तिथेच मोडून टाकतात, म्हणून धडधाकट माणसाच्या लघवीत ते जवळजवळ नसतंच. म्हणजे रक्तातून ते किती लवकर नाहीसं होतं, हे गाळणीवर ठरतं.

स्वीडनमधल्या लुंडच्या अँडर्स ग्रब यांनी लोफबर्ग यांच्यासोबत 1982 साली त्यातल्या 120 अमिनो अ‍ॅसिडचा क्रम लावला. 1984 मध्ये त्याचं 'सिस्टॅटिन सी' असं बारसं झालं आणि 1985 मध्ये ग्रब आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रक्तातलं त्याचं प्रमाण किडनीच्या गाळणीचा चांगला माग देतं. शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी ते बनवतात, त्यामुळे दंड बारीक की जाड याने फारसा फरक पडत नाही.

मग ते रोजच्या वापरात यायला एवढी वर्षं का लागली? माझ्या मते दोष जीवशास्त्राचा नव्हता, मोजपट्टीचा होता. वेगवेगळ्या कंपन्यांची किट एकाच रक्ताला वेगवेगळा आकडा देत. सर्वांनी ज्याच्याशी जुळवून घ्यावं असा आंतरराष्ट्रीय संदर्भ-नमुना 2010 मध्ये आला, आणि त्यावर बेतलेली सूत्रं 2012 मध्ये.

आता एक कल्पित रिपोर्ट सोडवू. आजी 82 वर्षांच्या, वजन 38 किलो, उंची 145 सेंटिमीटर. क्रिएटिनिन 0.7. 2021 च्या सूत्राने ईजीएफआर येतो 86, म्हणजे या वयाला झकास. सिस्टॅटिन सी 1.5 निघालं, तर त्याच्या सूत्राने 39. दोन्ही एकत्र घेणाऱ्या सूत्राने 58. सहसा हे एकत्र सूत्रच प्रत्यक्ष मोजलेल्या गाळणीच्या जास्त जवळ जातं.

नसांच्या दुखण्यासाठी आजींना गॅबापेंटिन दिलं असेल तर हा फरक कागदावरचा राहत नाही. ते औषध शरीरातून बाहेर पडतं ते किडनीवाटेच, आणि गाळणी 60 च्या खाली गेली की डोस कमी करावा लागतो. 86 धरून दिलेला डोस साचत जातो, आजी पेंगतात, रात्री बाथरूमला उठताना पडतात. घरचे म्हणतात, वय झालं.

आणखी एक खाच आहे. हे सगळे आकडे 1.73 चौरस मीटर पृष्ठभागाच्या शरीरासाठी छापलेले असतात. या आजींचं शरीर साधारण 1.24 चौरस मीटर. त्या हिशेबाने 58 चे खरे 42 उरतात. औषधाच्या डोससाठी हाच आकडा कामाचा, पण मी पाहिलेल्या रिपोर्टवर तो छापलेला नसतो.

सिस्टॅटिनही धुतल्या तांदळाचं नाही. स्टेरॉइड गोळ्या, जास्त चाललेलं थायरॉइड, सिगारेट, लठ्ठपणा आणि अंगातली सूज यांनी ते किडनीशी संबंध नसताना वाढतं. आजी दम्यासाठी प्रेडनिसोलोन घेत असतील, तर 39 हा आकडा खऱ्यापेक्षा खाली असू शकतो. म्हणून दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली, की आधी गोळ्यांची पिशवी उघडायची आणि दंड बघायचा. तरीही उलगडलं नाही आणि औषध जोखमीचं असलं, तर आयोहेक्सॉलसारखं द्रव्य टोचून, काही तासांत ते रक्तातून किती उतरतं हे पाहून गाळणी थेट मोजता येते.