डायॉप्टर समायोजन (छायाचित्रण)

डायॉप्टर समायोजन ही कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधील नेत्रिकेची शक्ती छायाचित्रकाराच्या दृष्टीनुसार कमी-अधिक करण्याची सोय आहे. नेत्रिकेच्या बाजूला असलेली लहान चकती किंवा सरकती कळ फिरवून हे समायोजन केले जाते. काही कॅमेऱ्यांत तिच्यावर + आणि − अशी चिन्हे असतात. समायोजन चुकलेले असल्यास व्ह्यूफाइंडरमधील दृश्य धूसर दिसते, मात्र त्याचा भिंगातून संवेदकावर पडणाऱ्या प्रतिमेशी संबंध नसतो. त्यामुळे व्ह्यूफाइंडर धूसर असूनही स्वयंचलित फोकसने घेतलेले छायाचित्र पूर्णपणे रेखीव येऊ शकते. हाताने फोकस करताना मात्र हेच धूसरपण छायाचित्रात उतरू शकते.

कार्यपद्धती

एकभिंगी परावर्तक (एसएलआर) कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर परावर्तित होऊन फोकसिंग स्क्रीन या खरखरीत पारभासक पडद्यावर पडतो. भिंगाच्या बैठकीपासून या पडद्यापर्यंतचे प्रकाशमार्गाचे अंतर आणि बैठकीपासून फिल्म किंवा संवेदकापर्यंतचे अंतर समान राखलेले असते. म्हणून पडद्यावर रेखीव असलेली प्रतिमा संवेदकावरही रेखीव असते. पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवरच असल्याने तो नुसत्या डोळ्याने स्पष्ट पाहता येत नाही. त्यासाठी नेत्रिका विशालक भिंगासारखे काम करते आणि पडद्याची आभासी प्रतिमा लांब नेऊन ठेवते.

ही आभासी प्रतिमा किती अंतरावर दिसावी, हे डायॉप्टरची चकती ठरवते. डायॉप्टर म्हणजे मीटरमधील अंतराचा व्यस्तांक. चकती ० वर असता प्रतिमा अनंत अंतरावर, −१ वर असता १ मीटरवर आणि −२ वर असता अर्ध्या मीटरवर दिसते. अधिक बाजूला गेल्यास डोळ्यात शिरणारे किरण किंचित एकत्र येणारे असतात. निर्दोष दृष्टीच्या डोळ्याला असे किरण दृष्टिपटलावर जुळवता येत नाहीत, परंतु दूरदृष्टिता असलेल्या डोळ्याला नेमके तेच हवे असतात. बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांची नेत्रिका मूळ स्थितीत −१ डायॉप्टरच्या आसपास ठेवलेली असते, म्हणजे छायाचित्रकार सुमारे एका मीटरवरील चित्र पाहत असतो. नेत्रिकेला डोळा लावताना जवळचे पाहायचा चष्मा घालावा की लांबचे, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. व्ह्यूफाइंडरसाठी लांबचाच चष्मा जवळचा ठरतो.

धूसरपणाचे निदान

चकतीला हात लावण्यापूर्वी नेमके काय धूसर आहे ते पाहावे लागते. व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्याखेरीज फोकसबिंदूंच्या चौकटी, मध्यवर्तुळ किंवा जाळीच्या रेषा अशा खुणा असतात. या खुणा पडद्याच्या पातळीवर किंवा तिच्या अगदी जवळ असल्याने भिंगाच्या फोकसचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. खुणा रेखीव आणि दृश्य धूसर असेल, तर दोष भिंगाच्या फोकसचा आहे आणि चकती फिरवून तो जाणार नाही. खुणाही धूसर असतील, तर समायोजन चुकलेले आहे किंवा नेत्रिकेवर बोटाचे ठसे अथवा श्वासाची वाफ आहे. खुणा व दृश्य दोन्ही रेखीव असून छायाचित्रच धूसर येत असेल, तर कारण हात हलणे, विषयाची हालचाल किंवा फोकसयंत्रणेतील फरक यांत शोधावे लागते.

पडद्यावर द्रवस्फटिकाचा पारदर्शक थर असलेल्या काही डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांत बॅटरी काढली की व्ह्यूफाइंडर मंद दिसू लागतो. बॅटरी बसवताच तो पूर्ववत होतो. हा बिघाड नव्हे.

चकती आपोआप फिरणे हे धूसरपणाचे सर्वांत सामान्य कारण असावे. पिशवीतून कॅमेरा काढताना किंवा तो गळ्यात असताना कपड्यांना घासून ती सरकते. म्हणूनच निकॉनच्या वरच्या श्रेणीतील काही कॅमेऱ्यांत ती आधी बाहेर ओढून मगच फिरवता येते.

समायोजनाची योग्य रीत

दृश्याकडे पाहत चकती फिरवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. दृश्य स्वतःच फोकसबाहेर असू शकते आणि मग डोळा एका धूसरपणाची भरपाई दुसऱ्याने करू पाहतो. म्हणून कॅमेरा एकसारख्या उजळलेल्या साध्या भिंतीकडे रोखतात, भिंग हाताने फोकस करण्याच्या स्थितीत घेऊन मुद्दाम फोकसबाहेर नेतात आणि लक्ष फक्त खुणांवर ठेवतात. सूर्याकडे कॅमेरा रोखू नये. व्ह्यूफाइंडरमधून एकवटलेला सूर्यप्रकाश डोळ्याला कायमची इजा करू शकतो.

खुणा रेखीव दिसू लागल्या की काम संपले, असे तरुण डोळ्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही. डोळ्यातील भिंगाची समायोजन शक्ती विशीत सुमारे १० डायॉप्टर असते आणि पन्नाशीत ती २ च्या आसपास उतरते. तरुण व्यक्तीला चकती ० वर असो, −१ वर असो वा −३ वर असो, खुणा जवळपास सारख्याच स्वच्छ दिसतात, कारण उरलेले काम तिचा डोळा स्नायू ताणून करतो. चकती उगाच ऋण बाजूला राहिली तर डोळा संपूर्ण वेळ जवळचे वाचत असल्यासारखा राबतो. तासाभराने कपाळ दुखू लागते आणि दुपारी रेखीव असलेला व्ह्यूफाइंडर संध्याकाळी धूसर वाटू लागतो.

यावरील उपाय म्हणजे चकती नेहमी अधिक बाजूकडून आणणे. प्रथम अर्धा मिनिट खिडकीबाहेर लांबवर पाहून डोळा सैल करावा. चकती + च्या टोकाला न्यावी, म्हणजे खुणा धूसर होतील. मग दुसरा डोळा उघडा ठेवून ती सावकाश − कडे फिरवावी आणि खुणा ज्या ठिकाणी पहिल्यांदा रेखीव दिसतील तिथेच थांबावे. त्यापुढे फिरवल्यास खुणा तशाच रेखीव राहतात किंवा अधिक काळ्या व ठसठशीत भासतात. त्या मोहाने पुढे जाऊ नये, कारण तिथून पुढे डोळा स्वतः जोर लावत असतो. डोळ्याला विश्रांती देऊन हेच दोन-तीनदा केल्यास चकती साधारण एकाच जागी थांबते. चष्मा लावून छायाचित्रे घेणाऱ्याने समायोजनही चष्मा लावूनच करावे.

दोन्ही टोके काही सांगतात. + च्या टोकालाच खुणा रेखीव दिसत असतील, तर बहुधा दूरदृष्टिता आहे. − च्या टोकालाही त्या धूसरच असतील, तर चकतीची कक्षा त्या डोळ्याला अपुरी आहे.

एक उदाहरण

निकॉन डी३५०० या २०१८ साली आलेल्या कॅमेऱ्याची समायोजन कक्षा −१.७ ते +०.५ डायॉप्टर आहे. चष्म्याचा नंबर −२.५ असलेला विद्यार्थी चष्मा काढून यातून पाहतो, असे मानू. त्याच्या डोळ्याला स्पष्ट दिसणारा सर्वांत दूरचा बिंदू ४० सेंटिमीटरवर (१ ÷ २.५) आहे. चकती −१.७ च्या टोकाला नेली तरी आभासी प्रतिमा सुमारे ५९ सेंटिमीटरवर (१ ÷ १.७) राहते, म्हणजे त्याच्या दूरबिंदूच्या पलीकडे. राहिलेला ०.८ डायॉप्टरचा फरक त्याचा डोळा भरून काढू शकत नाही. समायोजन शक्तीने डोळा जवळचे पाहू शकतो, दूरचे नाही. म्हणून निकटदृष्टिता असलेल्याला कितीही तरुण असला तरी ही तूट पडतेच.

त्याने चष्मा लावला की त्याचा डोळा निर्दोष डोळ्यासारखा होतो आणि चकती ० ते −१ यांच्या दरम्यान कुठेतरी स्थिरावते. चष्म्यामुळे डोळा नेत्रिकेपासून दूर राहतो आणि चौकटीचे कोपरे दिसेनासे होऊ शकतात, ही त्याची किंमत. या कॅमेऱ्यात डोळा नेत्रिकेपासून साधारण १८ मिलिमीटरपर्यंत असेल तर पूर्ण चौकट दिसते. जाड फ्रेमच्या चष्म्याला एवढी जागा तोकडी पडते.

आता तोच कॅमेरा, चकती तशीच −१.७ वर ठेवून, लांबचा चष्मा लावणाऱ्या त्याच्या पन्नाशीतील आईच्या हाती गेला तर तिच्या डोळ्याला १.७ डायॉप्टरचे समायोजन करावे लागेल, म्हणजे तिच्याकडे असलेली जवळपास सगळी शक्ती खर्च होईल. क्षणभर दिसेल, पण टिकणार नाही. तिच्यासाठी चकती ० च्या जवळ हवी. एकाच घरात कॅमेरा हातोहाती फिरत असल्यास प्रत्येकाने आपली चकतीची जागा लक्षात ठेवणे सोयीचे असते.

जोड भिंगे

कक्षा अपुरी पडल्यास नेत्रिकेवर बसवायची स्वतंत्र जोड भिंगे मिळतात. ती खरेदी करताना एक गोष्ट हमखास चकवते. कॅनन व निकॉन यांच्या एसएलआर भिंगांवर छापलेला आकडा हा भिंगाच्या स्वतःच्या शक्तीचा नसून नेत्रिकेच्या मूळ −१ सह होणाऱ्या एकूण परिणामाचा असतो. म्हणजे −३ लिहिलेल्या भिंगाची स्वतःची शक्ती सुमारे −२ आणि ० लिहिलेल्या भिंगाची सुमारे +१ असते. म्हणून चष्म्याच्या दुकानातून आपल्या नंबरचे भिंग कापून बसवल्यास हिशेब एका डायॉप्टरने चुकतो. लायका एम मालिकेच्या दृश्यदर्शकाची मूळ स्थिती −०.५ असल्याने तिथला हिशेब वेगळा आहे.

मर्यादा

डायॉप्टरची चकती केवळ गोलीय दोष भरून काढते. चष्म्याच्या नंबरात सिलिंडर असेल, म्हणजे डोळ्यात दृष्टिवैषम्य असेल, तर चकती कुठेही ठेवली तरी सर्व रेषा एकाच वेळी रेखीव होत नाहीत. ओळखण्याची खूण सोपी आहे: फोकसचौकटीच्या उभ्या रेषा स्पष्ट व आडव्या धूसर दिसत असतील, तर कॅमेरा उभा धरावा. ज्या रेषा आधी धूसर होत्या त्या आता स्पष्ट व उरलेल्या धूसर झाल्या, तर दोष डोळ्याचा आहे, कॅमेऱ्याचा नाही. अशा वेळी चष्माच लावावा लागतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात भिंगाच्या वरच्या भागातून पाहून समायोजन करावे आणि नंतरही त्याच भागातून पाहावे. मान वर करून खालच्या वाचनाच्या भागातून पाहिले की केलेले समायोजन बिघडल्यासारखे वाटते.

हाताने फोकस करताना होणारा परिणाम

आधुनिक फोकसिंग स्क्रीन उजळ दिसाव्यात म्हणून कमी खरखरीत केलेल्या असतात आणि त्यांच्यातून बराच प्रकाश न विखुरता सरळ जातो. त्यामुळे पडद्याच्या थोडी पुढे किंवा मागे तयार झालेली प्रतिमाही डोळ्याला दिसू शकते. चकती बरोबर असेल तर डोळा पडद्याच्या कणांवर खिळतो. चुकलेली असेल तर डोळा पडद्याऐवजी त्याच्या अलीकडच्या वा पलीकडच्या प्रतिमेवर स्थिरावतो, छायाचित्रकाराला ती रेखीव वाटते आणि संवेदकावर मात्र फोकस सरकलेला असतो. मोठ्या छिद्राच्या भिंगाने जवळून काढलेल्या व्यक्तिचित्रात डोळ्यांऐवजी कान रेखीव येण्यामागे हेही एक कारण असू शकते.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा लहानशा पटलावरील चित्र पाहतो, त्यामुळे अशी चूक संभवत नाही. चकती चुकल्यास संपूर्ण पटलच धूसर दिसते. समायोजनासाठी मेनूतील बारीक अक्षरे समोर आणावीत आणि वरीलप्रमाणेच अधिक बाजूकडून यावे. या कॅमेऱ्यांची कक्षाही सहसा मोठी असते. सोनी ए७ थ्रीमध्ये ती −४ ते +३ डायॉप्टर आहे, म्हणजे उदाहरणातील विद्यार्थी यातून चष्म्याविना पाहू शकेल.