बटण दाबले एकदा, मोजले पाचदा

बटण दाबले की दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि विद्युतमंडल पूर्ण होते, असे आपण मुलांना शिकवतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. पट्टी लवचिक असते. ती समोरच्या पट्टीवर आदळते, किंचित उसळते, पुन्हा टेकते, पुन्हा सुटते. काही मिलिसेकंद असे चालते आणि मग ती स्थिरावते. जमिनीवर टाकलेला चेंडू टप्पे घेत थांबतो, तसाच हा प्रकार. याला बाउन्स म्हणतात.

तारेच्या जुन्या बल्बला याचा पत्ता लागत नाही, कारण त्याची तार तापायलाच याहून अधिक वेळ लागतो. संगणकाचे तसे नाही. तो एका मिलिसेकंदात हजारो सूचना पार पाडतो, त्यामुळे प्रत्येक उसळी त्याला नवा दाब वाटू शकते. या खोट्या दाबांना गाळून टाकणे म्हणजे डिबाउन्सिंग.

याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो : बटण दाबले गेले, हे संगणकाला कळावे कसे? वर्गात शिक्षक ठरावीक वेळाने प्रत्येक बाकापाशी जाऊन "काही शंका?" असे विचारू शकतात, किंवा मुलाने हात वर केला की हातातले काम थांबवून त्याच्याकडे वळू शकतात. पहिली रीत पोलिंगची, दुसरी इंटरप्टची. यांपैकी कोणती केव्हा वापरावी, हे समजून घ्यायला थोडा इतिहास उपयोगी पडतो.

डायक्स्ट्रा यांची धास्ती

१९५०च्या दशकातले संगणक टंकयंत्रासारख्या संथ उपकरणांना जोडलेले असत. टंकयंत्र एक अक्षर उमटवीपर्यंत महागडा संगणक नुसता ताटकळत राही. त्यावर उपाय म्हणून इंटरप्ट आला : संगणकाने आपले काम चालू ठेवावे आणि उपकरण मोकळे झाले की त्यानेच तसा इशारा द्यावा.

नेदरलँड्समध्ये एक्स-१ नावाचा संगणक तयार होत होता. १९५८ साली तो बाजारात आला. त्यात ही सोय असावी, असे यंत्राची रचना करणाऱ्या लोपस्त्रा आणि स्कोल्टेन यांनी सुचवले. पण प्रोग्राम लिहिण्याची जबाबदारी असलेले एड्सखर डायक्स्ट्रा हादरले आणि काही महिने त्यांनी निर्णय लांबणीवर टाकला. इशारा कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये येऊ शकतो. प्रोग्राममध्ये चूक असली, तर ती क्वचितच, तीही दर वेळी निराळ्या जागी प्रकट होईल आणि मुद्दाम पुन्हा घडवून पाहता येणार नाही, ही त्यांची भीती होती. शेवटी त्यांनी हे काम अंगावर घेतले आणि १९५९ सालचा त्यांचा प्रबंध याच विषयाशी संबंधित होता.

म्हणजे इंटरप्ट जन्माला आला तो संगणकाचा वेळ वाचवण्यासाठी, आणि त्याची किंमतही पहिल्या दिवसापासून माहीत होती.

गणकयंत्राची कळपाटी

१९७१ साली इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर जपानच्या बिझिकॉम कंपनीच्या गणकयंत्रासाठी तयार झाला. त्यात इंटरप्टची सोयच नव्हती. कळा ओळी-स्तंभांच्या जाळीत मांडलेल्या असत आणि प्रोग्राम एकेक स्तंभ तपासत जाई. म्हणजे हे शुद्ध पोलिंगच. यासाठी प्रोसेसरमध्ये केबीपी नावाची एक खास सूचना होती. चार कळांपैकी कोणती दाबली आहे, ते ती क्रमांकाने सांगे. एकाहून अधिक दाबल्या असतील तर १५ हा चुकीचा खुणांक देई.

हे पुरेसे होते का? या प्रोसेसरला एका साध्या सूचनेसाठी सुमारे ११ मायक्रोसेकंद लागत. बोट कळीवर एक दशांश सेकंद टेकले, असे धरा. तेवढ्या वेळात सुमारे नऊ हजार सूचना होत. बोटाची वाट पाहायला सवड भरपूर होती.

दोन्ही रीतींचा मेळ

पुढे प्रोसेसरवर इतर कामांचा भार वाढला, तेव्हा कळपाटी सांभाळण्यासाठी वेगळ्या चिप आल्या. अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांनी ८०८५च्या संचावर हाताळलेली इंटेलची ८२७९ ही त्यांपैकीच. ती कळपाटी स्वतः सतत तपासत राही. कळ दाबलेली दिसली की सुमारे १० मिलिसेकंद थांबून पुन्हा पाही, आणि कळ अजून दाबलेलीच असेल तरच तिची नोंद करी. अशा आठ नोंदी तिच्यात साठत. नोंद झाल्यावरच ती प्रोसेसरला इंटरप्ट देई. थरथरत्या कळीपाशी पोलिंग आणि खात्री झालेल्या बातमीसाठी इंटरप्ट, अशी ही वाटणी होती.

आजच्या बटणावर प्रयोग

शाळेच्या प्रदर्शनात पाहुणे मोजण्यासाठी आर्डुइनो उनोच्या दोन क्रमांकाच्या पिनला बटण जोडले आहे, असे समजा. बटण मोकळे असताना पिनवर उच्च पातळी असते, दाबल्यावर नीच. पातळी उतरताच इंटरप्ट यावा आणि आकडा एकने वाढावा, असा प्रोग्राम लिहिला, तर तो नीटस दिसतो. पण बटण शंभरदा दाबून आकडा पाहा. तो बहुधा शंभराच्या पुढे गेलेला असेल. उसळ्या काही शतांश मिलिसेकंदांच्या अंतरानेही येतात आणि इंटरप्टचे काम त्याआधीच उरकलेले असते.

डायक्स्ट्रांची भीतीही इथे भेटते. या आठ-बिटी यंत्रात आकडा दोन बाइटांत असतो आणि ते एकामागून एक वाचले जातात. आकडा २५५ असताना खालचा बाइट वाचला, तेवढ्यात इंटरप्ट येऊन आकडा २५६ झाला आणि मग वरचा बाइट वाचला, तर हाती येतात ५११! असे फार क्वचित घडते, म्हणूनच ते शोधणे अवघड. आकडा वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवणे हा त्यावरचा उपाय.

त्याऐवजी दर ५ मिलिसेकंदांनी पुढील ओळी चालवा :

```
bool now = (digitalRead(2) == LOW);
if (now == state) n = 0;
else if (++n == 4) {
  state = now; n = 0;
  if (state) count++;
}
```

इथे `state` म्हणजे मान्य झालेली स्थिती. सलग चार वाचनांत वेगळी स्थिती दिसली तरच ती मान्य होते. मध्ये एक जरी उसळी सापडली तरी मोजणी शून्यापासून. बटण सोडतानाही पट्ट्या थरथरतात, तीही याच चाळणीतून जाते. उसळ्या थांबल्यावर २० मिलिसेकंदांच्या आत निर्णय होतो. बोटाला हा उशीर जाणवत नाही.

चार वाचने पुरेशी आहेत का? अमेरिकी अभियंता जॅक गान्सल यांनी १८ बटणे प्रत्येकी ३०० वेळा दाबून पाहिली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मापनांत, दोन बटणे वगळता, बाउन्स सरासरी सुमारे दीड मिलिसेकंद आणि जास्तीत जास्त सहाच्या किंचित वर होता. वगळलेल्यांपैकी एका बटणाचा मात्र तब्बल १५७ मिलिसेकंद! म्हणून आपल्या हातातले बटण शंभरदा दाबून तपासणे चुकवू नये.

पोलिंगची मर्यादाही ध्यानात ठेवावी. प्रोग्राममध्ये कुठे `delay(1000)` असेल, तर त्या सेकंदात दाबून सोडलेले बटण हरवते. अशा वेळी ठरावीक वेळाने टायमरकडून इंटरप्ट घ्यावा आणि त्यात बटण वाचावे. यंत्र झोपवून विजेरी वाचवायची असेल, तर बटणाच्या इंटरप्टने त्याला फक्त जागे करावे. दाब खरा की खोटा, हे पोलिंगने ठरवावे. प्रश्नमंजूषेच्या बझरमध्ये आधी कोणी दाबले एवढेच हवे असते. तिथे पहिल्या स्पर्शाची वेळच महत्त्वाची, त्यानंतरच्या उसळ्यांकडे दुर्लक्ष करता येते. म्हणून तिथे इंटरप्ट शोभतो. पाहुणे मोजताना मात्र घाई नाही, बटण स्थिरावेपर्यंत थांबायला यंत्राजवळ वेळ आहे.