पाळीचा ‘चौदावा दिवस’ प्रत्येकीसाठी नसतो. गर्भधारणेचे दिवस असे मोजा

पनवेल : लग्नाला दीड-दोन वर्षं झाली, मूल हवं आहे, पण दिवस राहत नाहीत, अशी जोडपी दवाखान्यात येतात तेव्हा बरेचदा सांगतात, “आम्ही चौदावा दिवस पाळतो.” हा चौदावा दिवस आला कुठून आणि तो आपल्याला लागू होतो का, हे आधी समजून घ्यायला हवं.

दर पाळीचक्रात साधारण एकच स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडतं. यालाच ओव्ह्युलेशन म्हणतात. बाहेर पडलेलं बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस, असे मिळून सहा दिवस गर्भधारणेचे. त्यातही बीज सुटण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस सगळ्यात चांगले. बीज सुटल्यावर दुसऱ्या दिवशी संबंध आला तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

बीज नेमकं कधी सुटतं? जपानचे डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की हा दिवस मागच्या पाळीपासून पुढे नव्हे, तर पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा असतो. बीज सुटल्यानंतर साधारण १४ दिवसांनी पाळी येते. एखाद-दोन दिवस इकडेतिकडे होतात, पण हा भाग बऱ्यापैकी ठरलेला असतो. चक्र लांबतं किंवा आखूड होतं ते मुख्यतः पहिल्या भागामुळे. २८ दिवसांच्या चक्रात हा हिशोब चौदा-पंधराव्या दिवशी येतो, एवढाच त्या ‘चौदाव्या’चा अर्थ.

एक उदाहरण बघू. समजा नवरा कळंबोलीहून ट्रक घेऊन लांबच्या फेऱ्यांवर जातो आणि महिन्यातून दोन-तीनदाच घरी येतो. बायकोची पाळी ३ जूनला आली, पुढची आली ७ जुलैला. म्हणजे चक्र ३४ दिवसांचं. ७ जुलैपासून १४ दिवस मागे गेलं की येतो २३ जून, म्हणजे पाळीचा एकविसावा दिवस. गर्भधारणेचे दिवस झाले १८ ते २३ जून. नवरा चौदावा दिवस धरून १६ जूनला घरी आला आणि १७ ला सकाळी निघून गेला, तर दोन दिवसांनी संधी हुकली. दोघांत काहीही दोष नसताना असे महिने वाया जातात.

मोजणीतली दुसरी चूकही नेहमीची आहे. काही जणी पाळी थांबल्यावर किंवा चौथ्या-पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की तिथून मोजायला सुरुवात करतात. पहिला दिवस म्हणजे व्यवस्थित रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. इथे चूक झाली की सगळा हिशोब चार दिवस पुढे सरकतो.

पुढची पाळी कधी येणार हे आधी कळत नाही, म्हणून सहा महिने कॅलेंडरवर खूण करा. समजा सगळ्यात छोटं चक्र ३० दिवसांचं आणि मोठं ३४ दिवसांचं निघालं. छोट्यात बीज सतराव्या दिवशी सुटणार, मोठ्यात एकविसाव्या. सतरामधून पाच वजा केले की १२. म्हणजे बाराव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवला तरी पुरतं. रोजच हवं असं नाही.

शरीरही खूण देतं. या दिवसांत योनीतून येणारा स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, बुळबुळीत आणि दोन बोटांत ताणला जाणारा होतो. मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशन किट मिळतं. लघवीच्या तपासणीत ते पॉझिटिव्ह आलं की साधारण दीड दिवसात बीज सुटतं. पीसीओडी असेल तर मात्र हे किट चुकीचं पॉझिटिव्ह दाखवू शकतं. सकाळचं अंगाचं तापमान किंचित वाढतं, पण ते बीज सुटून गेल्यावर, त्यामुळे त्या महिन्यात त्याचा उपयोग नाही.

पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांपेक्षा उशिरा येत असेल, तर नुसत्या मोजणीवर विसंबू नका. काही चक्रांत बीज सुटतच नसेल. तसंच हाच हिशोब उलटा लावून ‘सेफ’ दिवस काढणं धोक्याचं आहे, कारण एखाद्या महिन्यात बीज लवकर सुटलं तर तो दिवस सेफ राहत नाही.

नियमित प्रयत्न करून वर्ष झालं, किंवा बाईचं वय ३५ च्या पुढे असून सहा महिने झाले, तर डॉक्टरांना दाखवा. जाताना पाळीच्या तारखांचं कॅलेंडर बरोबर न्या, आणि नवऱ्यालाही न्या. वीर्यतपासणी सोपी आणि कमी खर्चाची असते, ती सुरुवातीलाच व्हायला हवी.