पि. आणि भ्र. : एकीची दोन नावं

मेळाव्यासाठी जनरल रजिस्टरवरून मुलींची यादी उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं. मुलांचे पत्ते लागले, मुलींचे लागेनात. आडनावं बदलली होतीच, पण अनेकींचं पहिलं नावही सासरी बदललेलं होतं.

आपल्याकडे लग्नानंतर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. सासूचं किंवा जावेचं नाव तेच असलं तर बदल ठरलेलाच. पण या विधीचा कागद कुठेच होत नाही. तांदूळ आवरले की नावाचा पुरावाही संपतो.

डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. वयाच्या नवव्या वर्षी लग्न झालं आणि त्या आनंदी झाल्या. त्यांचं शिक्षण लग्नानंतरचं, म्हणून 1886 ची अमेरिकेतली वैद्यकीय पदवी आनंदीबाई याच नावाने आहे. आपल्या वर्गमैत्रिणींचं उलट झालं. दहावीची सनद आधी, नवं नाव नंतर. त्यामुळे सनद एका नावाची आणि रेशनकार्ड दुसऱ्या नावाचं.

बीड जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मराठवाड्याच्या महसुली कागदांत बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार लिहून नवऱ्याचं नाव येतं, आणि ‘पि.’ लिहिलं की पित्याचं. समजा, रजिस्टरात ‘सुमन पि. बाबुराव’ आहे आणि सासरच्या सातबाऱ्यावर ‘संगीता भ्र. दत्तात्रय’. दोन्ही नोंदी खऱ्या, पण त्यांत समान शब्द एकही नाही. बाई एकच आहे हे त्या नोंदींवरून कळूच शकत नाही.

याची खरी अडचण वडील वारल्यावर येते. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे वंशावळ द्यावी लागते. भाऊ त्यात ‘सुमन’ लिहितात, आधारकार्ड ‘संगीता’चं निघतं. फेरफाराच्या नोटिशीला हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. कुणी हरकत घेतली की ‘ही बाई आमची बहीण कशावरून?’ हा प्रश्न उभा राहतो. बहिणीला हिस्सा नको असेल तरी हक्कसोडपत्रावर कोणत्या नावाने सही करायची, हा पेच राहतोच.

म्हणून दोन्ही नावं एकाच ओळीत आणणारा कागद हवा : ‘संगीता भ्र. दत्तात्रय ऊर्फ सुमन पि. बाबुराव’. शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका आणि लग्नाची नोंद जोडून तसं शपथपत्र करता येतं. नाव कायमचं बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी. राजपत्रात जुनं आणि नवं नाव शेजारी छापलं जातं. मात्र त्याने शाळेचं रजिस्टर आपोआप बदलत नाही आणि बदलण्याची गरजही नसते. जुनी नोंद जुन्या नावानेच राहू द्यावी, कारण माहेरचा धागा तिथेच सापडतो. हे कागद आईवडील हयात असताना केले तर साक्षीला माणसं घरातच मिळतात.